मामींच्या नाकावरचा मस

फोटोत माणूस कुठे खोटा झालाय हे शोधायचं असेल, तर चेहऱ्याकडे सगळ्यात शेवटी बघावं. काम करणारा चेहऱ्यावर जीव ओतून काम करतो. चुकतो तो आजूबाजूला. मी आधी मान बघते, मग हात. चेहरा गोरापान आणि मांडीवर ठेवलेली बोटं सावळी असली, की रंग कुठून आला ते कळतं. मग कानातलं बघते. चेहरा गुळगुळीत करताना झुमक्याचे मणी एकमेकांत विरघळून जातात, त्यांची एक पांढरी रेघ होते. मग केसांची कड. मग मागची चौकट किंवा खिडकीचे गज. गज कमरेपाशी आत वाकलेले दिसले, तर कमर बारीक केलेली असते, कारण लोखंड काही नवरीसाठी वाकत नाही.

आमचा स्टुडिओ खोपोलीत, शिळफाट्यावर. वडिलांनी टाकला, मी चालवते. पासपोर्टचे फोटो, शाळेच्या दाखल्याचे फोटो, आणि दिवाळी उलटली की लग्नाळू मुलामुलींचे फोटो. खालापूरपासून कर्जतपर्यंतच्या गावांतून लोक येतात. मुलगी साडीत, मुलगा उसन्या कोटात, आणि सोबत कुणीतरी मोठं माणूस, जे खुर्चीच्या मागे उभं राहून मला सांगत असतं, "जरा उजळ करा."

या "जरा"चं काय करायचं हे वडिलांनी ठरवून ठेवलं होतं. त्यांच्या काळात निगेटिव्हवर टोकदार पेन्सिलीने काम चालायचं. खालून उजेड येणाऱ्या काचेवर निगेटिव्ह ठेवायची आणि पुटकुळीच्या जागी बारीक बारीक टिंबं देत बसायचं. तेवढी जागा प्रिंटमध्ये उजळ व्हायची आणि पुटकुळी जायची. ते गिऱ्हाइकाला सांगत, जे आठवड्या-दोन आठवड्यांत आपोआप जाणार आहे ते मी आजच घालवतो. जे लग्नानंतरही राहणार आहे, त्याला मी हात लावणार नाही. पेन्सिल गेली, संगणक आला, तरी मी हाच नियम ठेवला. पुटकुळी काढते, तापाने उठलेला फोड काढते. तीळ, देवीचे व्रण, पुढे आलेला दात, टक्कल यांना हात लावत नाही. रंगासाठी पहिल्या फोटोत गिऱ्हाइकाच्या हातात पांढरा कागद देते. कागद कागदासारखा पांढरा दिसला, की माणसाचाही रंग बरोबर आला असं धरते. त्यापुढे कुणी हुज्जत घातली, तर बाजारात दुसरे स्टुडिओ आहेत. यामुळे माझा स्वभाव तिरसट आहे असं लोक म्हणतात, आणि ते खरं आहे.

पळसदरीहून एक मायलेकी आल्या तेव्हाही मी असंच बोलले असणार. मुलगी कर्जतला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त काढायच्या कामाला होती. चेहरा तरतरीत, आणि डाव्या गालावर डोळ्याखालून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत उतरत आलेली एक बारीक फिकट खूण. जखम जुनी, बरी झालेली. फक्त एक पांढरट रेघ उरलेली. आई माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाली, "ताई, तेवढं गालावरचं काढा."

"ते जाणारं नाही वहिनी," मी म्हटलं. "जे जाणारं नाही ते मी काढत नाही."

"मला ठावं हाय जाणार नाय. पन लोक फोटोवरनंच नाय म्हनतात. समोर येऊन बसले तर बोलतील तिच्याशी, तिचं कामबिम बघतील. फोटोतच खूण दिसली तर दाराशी पन येत नायत."

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. फोटो म्हणजे नुसता दरवाजा, आत आल्यावर काय ते बघा, असं त्यांना म्हणायचं होतं. पण दरवाजा एका घराचा आणि घर दुसरंच, असं झालं तर येणारा संतापतो, आणि त्याचा राग दरवाजा रंगवणाऱ्यावर निघत नाही, मुलीवर निघतो. हे मी या धंद्यात पुष्कळदा पाहिलंय.

वाद मुलीनेच मिटवला. ती म्हणाली, "मावशी, हाय तसा काढा. नंतर कुनी तोंडाकडं बघत बसलेलं मला नाय चालत."

खूण असली तरी फोटो कसा घ्यायचा हा प्रश्न उरतोच, आणि तो दिसतो तेवढा सोपा नाही. मी तिला थोडं डावीकडे वळवून उजवा गाल कॅमेऱ्यापुढे आणला असता, तर एका टिंबाचीही लबाडी न करता खूण गायब झाली असती. त्या फोटोत संगणकाने काहीच केलेलं नसतं आणि तरी तो फोटो खोटा असता. उलट दिवा बाजूला ठेवून तिरपा उजेड टाकला असता, तर त्या रेघेचा खड्डा दिसला असता, तोही खोटाच. मी तिला खिडकीपाशी बसवलं, पडदा लावून उजेड मऊ केला, आणि डावा गाल निम्म्याहून जास्त दिसेल असं वळवलं. समोर जेवायला बसलेल्या माणसाला भर दिवसा ती जशी दिसेल तशी फोटोत आली. हनुवटीवर एक पुटकुळी होती, तेवढी काढली. आईने पैसे देताना माझ्याकडे बघितलं नाही.

स्थळ आलं ते खालापूरकडच्या एका शेतकरी घरातून. मुलगा माथेरानला हॉटेलात स्वागतकक्षात कामाला. सुट्ट्यांचे दिवस होते, वर हॉटेलं भरलेली, त्याला खाली उतरता येईना. म्हणून बघायला आले ते त्याचे मामा आणि मामी. आईवडील नसलेला मुलगा, मामांनीच वाढवलेला. पोहे झाले, बोलणं झालं, मामींनी स्वतःच्या फोनवर मुलीचे फोटो घेतले, शेवटी मुलीच्या आईला आणि मुलीला शेजारी घेऊन एक सेल्फीही काढली, आणि सगळं माथेरानला पाठवून दिलं. मुलाने रात्रीच कळवलं की पसंत आहे. हे सगळं मला नंतर कळलं.

पुढच्या महिन्यात मुलगा सुपारी फोडायची बोलणी करायला स्वतः पळसदरीला आला. मुलीला पहिल्यांदा समोर बघितलं. तिथे काही बोलला नाही. चहा घेतला, उठला, आणि घरी जाऊन मामांना म्हणाला की आपल्याला फसवलंय. खूण फोटोत नव्हती.

मामा-मामींनी तर ती समोर बसून बघितली होती. पण त्यांना वाटलं, भाच्याने फोटोत बघितलीच आहे आणि त्याला चालतेय, मग मुद्दाम विषय कशाला काढा. चांगल्या मनाची माणसं अशीच घोटाळे करतात. निरोप घेऊन मामा-मामी पळसदरीला गेले, तेव्हा मुलीची आई त्यांच्यापुढे रडली. लग्न मोडलं तर मोडलं, पण खोटा फोटो दाखवला हे एकदा तोंडातोंडी झालं, की कर्जतपासून खोपोलीपर्यंत त्या मुलीला कुणी दारात उभं करणार नव्हतं. खूण एकवेळ लोक विसरतात, "फसवलं" हा शब्द विसरत नाहीत. शेवटी मुलगीच म्हणाली, स्टुडिओत चला, त्यांच्याकडे मूळ फोटो असेल.

तर एका दुपारी माझ्या छोट्याशा दुकानात पाच माणसं उभी राहिली. मुलगा, मामा, मामी, मुलगी आणि तिची आई. मामा सरळ मुद्द्यावर आले.

"मॅडम, तुमी खूण पुसट केलीय. यानं फोटो बघितला तर याला वाटलं गालावर उजेडात चमकनारी केसाची बट आलीय."

मला राग आला. राग आला की माझा आवाज खाली जातो, तो गेला. मी संगणक लावला आणि कॅमेऱ्यातून जशीच्या तशी आलेली फाइल उघडली. शेजारी त्यांना दिलेला फोटो उघडला. दोन्हींत हनुवटीवरची पुटकुळी सोडून फरक नव्हता. गाल मोठा करून दाखवला. त्वचेची बारीक छिद्रं दोन्हीकडे सारखी, खुणेची रेघ दोन्हीकडे सारखी. जिथे काम केलेलं असतं तिथे छिद्रं मरतात, मी म्हटलं, आणि हनुवटीवर नेऊन माझं स्वतःचं काम दाखवलं. तिथे नखाएवढी जागा जरा गुळगुळीत होती.

"मग लाईट मऊ केली म्हणून पुसट आली," मामा म्हणाले. माणूस हुशार होता, आणि प्रश्न रास्त होता.

मी मुलीला त्याच खिडकीत, त्याच खुर्चीवर बसवलं आणि शेजारी पडद्यावर फोटो ठेवला. "आता तुम्हीच बघा. हिच्या गालावर आत्ता जेवढी दिसते तेवढीच तिथे आहे की कमी?"

सगळे बघत राहिले. मुलगी पुढे बघत बसली होती, एखाद्या वस्तूकडे बघावं तसे पाच जण तिच्या गालाकडे बघत होते, आणि हे मीच घडवून आणलं होतं. मला ते आवडलं नाही, पण दुसरा मार्गही दिसत नव्हता. मामा म्हणाले, "तेवढीच हाय."

मुलगा तेव्हा पहिल्यांदा बोलला. तो म्हणाला, स्टुडिओच्या फोटोवर त्याचा विश्वास कधीच नव्हता. हॉटेलात येणारी जोडपी फोटो काढून घेतात आणि नंतर फोनवर त्यांत काय काय बदलतात, हे तो रोज बघत होता. "स्टुडिओचा फोटो म्हनजे खोटाच असनार. म्हनून मी मामीच्या फोनमधले बघितले. ते घरात काढलेले, साधे. त्यात गाल साफ हाय. म्हनून मला वाटलं, ती रेघ म्हनजे केस."

म्हणजे त्याने खरा फोटो खोटा मानला होता आणि खोटा खरा, तेही अगदी सावधपणे. मी मामींचा फोन मागितला.

सेल्फी उघडली. मध्ये मुलगी, तिचा गाल खरंच साफ. पण तिच्या चेहऱ्याकडे मी शेवटी गेले. मागच्या भिंतीवरचं प्लॅस्टर खरबरीत, स्पष्ट होतं. आईच्या गळ्यातल्या मंगळसूत्राच्या वाट्या स्पष्ट होत्या. आईचा चेहरा मात्र मुलीच्या वयाचा झाला होता. उन्हातान्हात राबलेल्या बाईच्या कपाळावर एक आठी नव्हती. आणि या बाजूला मामी. मी मामींकडे बघितलं आणि परत फोटोकडे बघितलं.

"मामी, तुमच्या नाकावरचा मस कुठे गेला?"

मामींचा हात आपसूक नाकाकडे गेला. नाकपुडीच्या वर तुरीच्या दाण्याएवढा मस होता, जन्माचा. फोटोत नाक स्वच्छ होतं. मामांनी फोन हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला, लांब धरला.

"चाळीस वर्षं बघतोय मी हा मस," ते म्हणाले. "आनि फोटोत नाय हे माझ्या ध्यानात नाय आलं."

"तू कवा बघितलंस माझ्या तोंडाकडं," मामी म्हणाल्या, आणि मुलीची आईसुद्धा क्षणभर हसली.

मग मी त्यांना फोनच्या कॅमेऱ्यात ते बटण दाखवलं. चेहरा दिसला की फोन स्वतःच तो सपाट करतो. डाग, रेघा, आठ्या पुसतो, डोळे जरा मोठे करतो. विकत आणल्यापासूनच ते चालू असणार. मामींना त्याचा पत्ताही नव्हता. मामींचा एक फोटो ते चालू ठेवून काढला, एक बंद करून. पहिल्यात मस नाही, दुसऱ्यात आहे. तसेच दोन मुलीचे काढले. पहिल्यात खूण नाही, दुसऱ्यात आहे. एवढा पुरावा पुरेसा होता. मामा मुलीच्या आईपुढे हात जोडून म्हणाले, "वैनी, चुकी आमची. फसवलं असेल तर आमच्या फोननं आमाला फसवलं. मी गावात तसं सांगन."

इथे सगळं मिटलं असं मला वाटलं. आईने डोळे पुसले. मुलगी खुर्चीवरून उठली, आणि मुलाला विचारलं, "तुमी हो म्हनालात ते कुठल्या फोटोला?"

मुलगा खोटं बोलू शकला असता. पण तो म्हणाला, "फोनमधल्या."

"मग ती मी नाय."

मुलगी आवाज न चढवता पुढे म्हणाली, "तुमच्या बायोडाटातल्या फोटोत कपाळावर केस हायत. आता समोर नायत. मला ते फोटोतच कळलं होतं, केसांची कड रंगवलेली दिसत होती. पन मी म्हटलं, मानूस समोर येईल तेव्हा बघू. तुमी समोर आलात, चहा घेतलात, आनि एक शब्द न विचारता उठून गेलात."

मुलाचं तोंड उतरलं. त्यांनी सोबत आणलेल्या कागदांत त्याचा फोटो मीही बघितला होता. कपाळावरची ती कड पेनाने ओढल्यासारखी होती. मी गप्प होते, कारण माझं काम मुलीच्या फोटोपुरतं होतं. पण ती बोलली याचा मला आनंद झाला, हे लपवत नाही.

"तो फोनमधला फोटो काढून टाका," ती म्हणाली. "आनि यायचं असेल तर परत या, पहिल्यापासनं. मामा-मामी नको, फोन नको. मी पन बघनार हाय तुमाला. आवडलात तर सांगन."

तो आला. सुट्ट्या संपून वरची गर्दी ओसरल्यावर दोनदा पळसदरीला आला, असं ऐकलं. दुसऱ्या खेपेला दोघं धरणाच्या भिंतीवर जाऊन बसले होते. मुलीने मग आणखी काही दिवस घेतले आणि हो म्हटलं. लग्नाचे फोटो मीच काढले. अल्बम छापणाऱ्याला मी बजावून सांगितलं होतं की एकाही चेहऱ्याला इस्त्री करायची नाही, तिकडची पोरं न विचारता करतात. अल्बम आला तेव्हा मी आधी मामींचं नाक बघितलं. मस जागेवर होता, म्हणजे बाकीचंही जागेवर असणार. गालावरची खूण हळदीच्या फोटोतसुद्धा दिसत होती.

अल्बम न्यायला मुलीची आई एकटीच आली. पानं उलटत गेली, मध्येच थांबली आणि म्हणाली, "ताई, एक मागते. नाय म्हनू नका."

मला वाटलं, पुन्हा तेच. तेच होतं.

"हिचा एक फोटो मला करून द्या, खुनेशिवाय. कुनाला दाखवनार नाय. कपाटात ठेवीन."

मी विचारलं नव्हतं, तरी तिने सांगितलं. मुलगी नुकती चालायला लागली होती. आई भाजी चिरत होती. कुणीतरी दारात हाक मारली म्हणून ती विळी न पाडता, पातं तसंच उभं ठेवून उठली, आणि मुलगी धावत आली ती तिच्यावर पडली. "तिला आठवत पन नाय. ती कदी बोलली नाय मला. पन मी तिच्याकडं बघते ना ताई, तर मला ती दिसतच नाय. पयली विळी दिसते."

इतके दिवस मला वाटत होतं, या बाईला लोकांना फसवायचंय. जे राहणार आहे त्याला हात न लावण्याचा माझा नियम लोकांसाठी होता, येणाऱ्या स्थळांसाठी होता. या फोटोने कुणाची फसवणूक होणार नव्हती. तो बघणाऱ्या एकुलत्या एका माणसाला खूण कुठे आहे आणि कशी झाली हे जगात सगळ्यात जास्त ठाऊक होतं. मी तिला बसायला सांगितलं.

फोनसारखं एका फटक्यात केलं नाही. शेजारच्या त्वचेचे बारीक तुकडे उचलून एकेक करत खुणेवर बसवले, छिद्रं जिवंत ठेवली, उजेड जसा उतरतो तसा उतरू दिला. वडिलांना दाखवला असता तर त्यांनाही कुठे हात लावलाय ते सापडलं नसतं, इतकं ते काम चांगलं झालं. प्रिंट काढून तिच्या हातात दिली.

तिने ती उजेडाकडे धरली. मग तिने फोटोतल्या डाव्या गालावर बोट ठेवलं आणि डोळ्याखालून ओठापर्यंत, बरोबर जिथे खूण होती तिथून, ते हळूहळू खाली आणलं.

"हितं हाय," ती म्हणाली. "तुमी काढलंत, पन हितंच हाय."

मी पैसे घेतले नाहीत. तिने प्रिंट अल्बमच्या शेवटच्या पानात सरकवली, पदर सारखा केला आणि गाडीची वेळ झाली म्हणून स्टेशनकडे निघाली.